वर्गांतला एक आवाज

फळ्याकडे तोंड असतांनाही पाठीमागच्या कोणत्या बांकावर काय चाललें आहे हें ज्याला कळतें तोच खरा मास्तर, अशी आमच्या पिढीची समजूत होती. आमची चौतीस वर्षांची नोकरी याच समजुतीवर गेली. वर्गांत पेन्सील पडली तर ती कोणाच्या हातून पडली हें मागें न वळतां सांगावें आणि मुलांनीं चकित व्हावें, यांत आम्हांस मोठी धन्यता वाटे. सर्व कांहीं पाहणें हें शिक्षकाचें काम खरेंच. पण पाहिलेलें सर्व दाखवावयाचें नसतें, ही त्याची दुसरी बाजू आम्हांस फार उशिरां कळली. ती ज्या मुलामुळें कळली त्याची हकीकत आज वाचकांस सांगावयाची आहे. मुलाचें खरें नांव अर्थातच सांगत नाहीं. त्याला आपण माधव म्हणूं.

साल २००३. कृष्णाकांठच्या एका तालुक्याच्या गांवीं आम्ही मराठी व संस्कृत शिकवीत होतों आणि सहावी 'ब'चे वर्गशिक्षक होतों. वर्गांत छप्पन्न मुलें. त्यांतला माधव अकरा वर्षांचा, अभ्यासांत बरा, अक्षर मात्र ओढाताणीचें. तो डोळे फार मिचकावी. आदल्या वर्षीं त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेऊन आणलें होतें आणि डोळ्यांत कांहीं दोष नाहीं असें ठरलें होतें. जूनच्या अखेरीस मिचकावणें कमी झालें, आणि त्याच्या जागीं मान एका बाजूला झटकन् उडूं लागली. श्रावणांत त्याच्या घशांतून एक आवाज निघूं लागला. खोकलाही नव्हे, हुंकारही नव्हे. घसा साफ करतांना निघतो तसा, पण आंखूड आणि कोरडा. एका तासांत तो तीस-चाळीस वेळां येई.

आम्हांस हा खोडसाळपणा वाटला. असें वाटण्यास एक कारण होतें, आणि तें कारण पुष्कळ शिक्षकांना फसवितें, म्हणून सांगून ठेवतों. एके दिवशीं आम्हीं त्याला उभें करून बजावलें, "माधव, हा आवाज आतां पुन्हां ऐकूं आला तर याद राख." त्या दिवशीं उरलेली वीस मिनिटें एकही आवाज आला नाहीं. आम्हांस वाटलें, झालें सिद्ध! मनांत आणलें कीं थांबवितां येतें, त्या अर्थीं तो मुद्दाम करतो. दुसऱ्या दिवशीं आवाज परत आला, आणि आम्हीं त्याला व्हरांड्यांत उभें केलें. व्हरांड्यांतूनही तो ऐकूं येत राहिला. तेथें तर बघणारें कोणी नव्हतें. मग खोडी कोणासाठीं चालली होती? हा प्रश्न त्या वेळीं आमच्या मनांत यावयास पाहिजे होता. तो आला नाहीं.

दोनतीन आठवड्यांनीं त्याचे आईवडील शाळेंत आले. वडील मितभाषी, बोलणें आईनेंच केलें. "सर, तो शाळेंतून साडेपांचला घरीं येतो. दप्तर टाकतो आणि तासभर त्याचें सगळें अंग उडत असतें. मान, खांदे, आवाज, सगळें. मी विचारलें तर म्हणतो, आई, आतां तरी करूं दे, दिवसभर धरून ठेवलें आहे." हें सांगतांना त्या माउलीचा आवाज कांपला. आमची मान खालीं गेली.

दसऱ्यानंतर ते त्याला पुण्यास मेंदूविकारतज्ज्ञांकडे घेऊन गेले, आणि शिक्षकांनींही ऐकावें म्हणून आम्हांस बरोबर नेलें. डॉक्टरांनीं अर्धा तास मुलाशींच गप्पा मारल्या, मग आम्हांस समजावून सांगितलें. या हालचालींना वैद्यकांत 'टिक' म्हणतात. झटकन् येणारी, पुन्हां पुन्हां त्याच ठशाची, प्रसंगाशीं कांहीं संबंध नसलेली हालचाल किंवा आवाज. बहुधा पांचव्या-सहाव्या वर्षाच्या सुमारास डोळ्यांपासून आरंभ होतो. दहाव्यापासून बाराव्यापर्यंत जोर सर्वांत अधिक असतो. पुढें वयांत येतांना बहुतेकांचा जोर ओसरतो, कांहींचा राहतो. मुलींपेक्षां मुलांत हें तिप्पट-चौपट आढळतें. पुष्कळ लहान मुलांत असा एकादा आचका कांहीं महिने येतो आणि जातो. पण अनेक प्रकारच्या हालचाली आणि निदान एक तरी आवाज वर्षाहून अधिक काळ राहिला, तर त्याला टूरेट या फ्रेंच वैद्याच्या नांवानें ओळखतात. त्यानें १८८५ सालीं असे नऊ रुग्ण वर्णन केले होते. या विकारांत तोंडून शिव्या येतात अशी एक ऐकीव समजूत आहे; तसें होतें, पण शंभरांतल्या दहापंधरांनाच. त्यांत आईबापांच्या वळणाचा दोष नसतो. बरेंचसें तें रक्तांतून येतें.

आम्हीं आमची शंका विचारली. "डॉक्टर, पण त्यानें वीस मिनिटें थांबवून दाखविलें होतें." डॉक्टर म्हणाले, "सर, तुम्ही पापणी न लववतां किती वेळ बसाल? मिनिटभर बसाल. त्या मिनिटांत तुम्हांस दुसरें कांहीं सुचेल काय?" मग त्यांनीं माधवलाच विचारलें, आवाज येण्याच्या आधीं काय होतें. तो म्हणाला, "घशांत काहीतरी अडकल्यासारखें होतें. आवाज केला कीं जातें. मग परत येतें." बहुतेक मुलांना, विशेषतः थोडीं मोठीं झालीं कीं, ही आधींची बेचैनी जाणवते. शिंक येण्यापूर्वीं नाकांत होतें तशी. शिंक कांहीं क्षण दाबतां येते. म्हणून कोणी शिंकेला खोडी म्हणत नाहीं.

परतींच्या गाडींत आम्ही व्याकरणांत शिरलों. जन्माची खोड, दुसरें काय! पाणिनीनें क्रियेचा कर्ता म्हणजे त्या क्रियेत जो स्वतंत्र असतो तो, असें सांगितलें आहे. 'माधव आवाज करतो' या वाक्याचा कर्ता माधव खरा, पण तो स्वतंत्र कोठें आहे? बेचैनी त्याच्या इच्छेनें येत नाहीं. आवाज मात्र कांहीं काळ पुढें ढकलणें त्याच्या हातीं आहे. म्हणजे तो पुरता स्वतंत्र नाहीं आणि पुरता परतंत्रही नाहीं. शिक्षकाची सारी चूक या अर्ध्या स्वातंत्र्यांतून होते. तें पाहून आपण म्हणतों, करतां येतें तर कर. आणि तें केल्याची किंमत मूल कोठून भरतें हें आपण विचारीत नाहीं. तें भरतें पाठांतून. जें लक्ष समासाकडे द्यावयाचें तें सगळें घशावर राखण बसतें. मूल तोंड मिटून, डोळे फळ्यावर लावून बसलेलें असतें आणि त्याच्या कानीं एक अक्षरही पडत नसतें. शांत दिसणाऱ्या माधवचा एक तास असा आम्हीं फुकट घालविला होता, आणि त्याला शाबासकी दिली होती.

येथपर्यंतची चूक अज्ञानाची होती. पुढची चूक आम्हीं ज्ञान झाल्यावर केली, आणि ती आधींच्या चुकीहून वाईट ठरली.

पुण्याहून आल्यावर आमचें मन पश्चात्तापानें भरलेलें होतें. सोमवारीं पहिल्या तासाला आम्हीं वर्गापुढें लहानसें भाषणच केलें. माधवला एक आजार आहे, तो मुद्दाम कांहीं करीत नाहीं, त्याला कोणी हंसूं नये, कोणी वळून पाहूं नये, सर्वांनीं त्याला संभाळून घ्यावें. भाषण चालूं असतां माधव पहिल्या बांकावर बसला होता, कारण 'आमच्या नजरेसमोर असावा' म्हणून आम्हींच त्याला पुढें आणलें होतें. त्या पांच मिनिटांत त्याचे आवाज दुप्पट झाले. या विकाराचा हाही एक धर्म आहे: त्याचा विषय काढला कीं तो जागा होतो. जांभईविषयीं बोलूं लागलें कीं जांभई येते, तसें.

पुढच्या आठवड्यांत आमच्या दयेला खळ नव्हता. आवाज आला कीं आम्ही वाक्य अर्धे सोडून क्षणभर थांबूं, मृदु चेहरा करूं, कधीं "असूं दे, असूं दे" म्हणूं. एके दिवशीं वह्या तपासतांना एका हुशार मुलाच्या वहीच्या शेवटच्या पानावर चार उभ्या रेघा आणि एक आडवी, असे गठ्ठे सांपडले. खालीं लिहिलें होतें, मराठी ३७, गणित २२, भूगोल २९. वर्ग आवाज मोजीत होता. आणि मराठींत तो सर्वांत अधिक होता.

गुरुवारपासून माधव शाळेंत येईनासा झाला. पोटांत दुखतें असें घरून सांगण्यांत आलें. शनिवारीं अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर आम्ही त्याच्या घरीं गेलों. तो माडीवर एकटाच बसला होता. आम्हीं विचारलें, "अरे, आतां तर कोणी रागावत नाहीं ना तुझ्यावर?" तो बराच वेळ बोलला नाहीं. मग खालीं बघत म्हणाला, "सर, तुम्ही रागवायचात तेव्हां मुलें तुमच्याकडे बघायचीं. आतां सगळीं माझ्याकडे बघतात."

इतक्या वर्षांत इतकें नेमकें वाक्य आम्हीं विद्यार्थ्याच्या तोंडून ऐकलें नव्हतें. राग काय आणि दया काय, दोन्ही त्या मुलाच्या अंगावर सगळ्या वर्गाचे डोळे गोळा करीत होतीं. त्याला आमची क्षमा नको होती. त्याला आमचें लक्ष नको होतें. त्या माडीवर आम्हीं त्याला विचारलें, "मग आपण काय करूं? तूंच सांग." पुढें जी व्यवस्था झाली तिचा अर्धा भाग त्यानें सुचविलेला आहे.

पहिला प्रश्न बसण्याच्या जागेचा. शिक्षकाला वाटतें, असें मूल पुढें असावें. परंतु पहिल्या बांकावरच्या मुलाच्या पाठीमागें छप्पन्नांपैकीं पन्नास डोळ्यांच्या जोड्या असतात. मान उडाली कीं ती सर्वांना दिसते. माधवनें शेवटून दुसरा बांक मागितला, खिडकीकडचा, भिंतीला लागून. शेवटचा बांक नको, कारण तेथें टवाळ मुलें बसतात आणि तेथें बसणें हीच एक खूण आहे. शेजारीं त्यानें आपला एक मित्र मागितला. आम्हीं सोमवारीं एकट्या माधवची जागा बदलली नाहीं. सगळ्या वर्गाच्या जागा बदलल्या, दर महिन्याला बदलणार असें सांगितलें, आणि त्या बदलांत माधव दर वेळीं कोठेंतरी मागें, भिंतीच्या बाजूला पडेल असें पाहिलें. छप्पन्न मुलांच्या उलथापालथींत एकाची जागा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

दुसरा प्रश्न बाहेर जाण्याचा. बेचैनी फार सांचली कीं पांच मिनिटें एकटें राहून ती मोकळी करतां आली पाहिजे. पण दर तासाला हात वर करून "सर, जाऊं?" म्हणणें म्हणजे पुन्हां तेंच. म्हणून आम्हीं वर्गांत एक नवी चाल पाडली. हजेरीपट कचेरींत नेणें, खडू आणणें, ग्रंथालयांत पुस्तक परत देणें, हीं कामें पाळीपाळीनें सर्व मुलांनीं करावयाचीं, आणि जातांना विचारावयाचें नाहीं; टेबलावर ठेवलेली लाकडी पट्टी उचलावयाची, परत आल्यावर ठेवावयाची. दोन आठवड्यांत पट्टी उचलून जाणारें मूल कोणी पाहीनासें झालें. मग माधवनेंही ती उचलावी. तो कधीं उचली, कधीं आठवडाभर उचलीत नसे. जातां येतें हें ठाऊक असल्यानेंच पुष्कळदां जावें लागत नाहीं, असें तो पुढें म्हणाला.

तिसरी गोष्ट सर्वांत सोपी दिसते आणि सर्वांत कठीण आहे: आवाज आला तरी आपलें वाक्य थांबवावयाचें नाहीं. ही संवय करण्यास आम्हांस दोन महिने लागले. चाळीस वर्षांचा कान आवाजाबरोबर टवकारतोच, आणि कानामागून नजर जाते. आम्हीं एक युक्ति केली. आवाज आला कीं त्या क्षणीं मुद्दाम दुसऱ्या बाजूच्या बांकावर नजर ठेवून तेंच वाक्य त्याच सुरांत पुरें करावयाचें. वर्ग शिक्षकाची नजर पाहून आपली नजर वळवितो. शिक्षक जिकडे पाहत नाहीं तिकडे पाहण्याचा मुलांना लौकरच कंटाळा येतो. तसेंच, आवाज न आल्याबद्दल शाबासकी देणेंही आम्हीं बंद केलें. ती शाबासकी दाबून धरण्याची असते, आणि दाबून धरणें म्हणजे काय हें वर आलेंच आहे.

चौथी गोष्ट आमच्या विषयाची आहे, म्हणून थोडी अभिमानानें सांगतों. एकट्यानें उभें राहून धडा वाचणें माधवला जड जाई; शांत वर्गांत त्याचा प्रत्येक आवाज उघडा पडे. आम्हीं वाचन जोडीजोडीनें सुरू केलें, सर्वांसाठींच. आणि आठवड्यांतून तीन दिवस तासाचीं पहिलीं सात मिनिटें श्लोक व शब्दरूपें एका सुरांत म्हणावयाचीं. समूहाच्या आवाजांत एकाचा आवाज बुडतो हा त्याचा उघड फायदा. पण आम्हांस आढळलें कीं तालावर म्हणतांना त्याचा आवाज येतच नाहीं. डॉक्टरांना विचारलें तेव्हां ते म्हणाले, गाणें, वाद्य, खेळ, ज्यांत मन आणि अंग दोन्ही गुंततात त्यांत टिक पुष्कळदां मंदावतात. उलट झोंप कमी, थकवा, भीति, आणि आनंदाची उत्कंठासुद्धां त्या वाढवितात. स्नेहसंमेलनाच्या आठवड्यांत माधवचे हाल परीक्षेच्या आठवड्याइतकेच होत.

परीक्षेचें काय? परीक्षेची शांतता ही अशा मुलाची खरी परीक्षा. त्याला एकट्याला वेगळ्या खोलींत बसविलें तर सगळी शाळा पाहते. आम्हीं मुख्याध्यापकांना सांगून ग्रंथालयांत दहा मुलांची बैठक केली: एकाचा हात मोडला होता, एकाला चष्मा नवा होता, दोघे उशिरां प्रवेश घेतलेले, आणि त्यांत माधव. लिहितांना त्याचा हात मध्येंच झटका खाई आणि कागद फाटे. म्हणून शाळेच्या चांचण्यांत त्याला वीस मिनिटें अधिक मिळावीं आणि अक्षराचे गुण कापूं नयेत, असें ठरलें. उत्तराचे गुण मात्र इतरांप्रमाणेंच. ही अट माधवनेंच घातली होती.

आतां इतर मुलांविषयीं. कोणी नक्कल केली तर त्या क्षणीं वर्गांत तोंड उघडावयाचें नाहीं. कारण नकलेला रागावलें कीं असलाकडे लक्ष जातेंच. तास संपल्यावर नक्कल करणाऱ्याला बाजूला घेऊन, माधवचें नांव न काढतां, वर्गांत व्यत्यय आणल्याबद्दल समज द्यावयाची. मोजणी करणाऱ्या त्या हुशार मुलाला आम्हीं एकट्याला बोलावून त्याच्या वहीचें पान दाखविलें आणि एवढेंच म्हटलें, "मोजण्यासारखें दुसरें पुष्कळ आहे." त्याला तें पुरलें. सगळ्या वर्गाला सांगावें कीं नाहीं, हें मुलाला आणि त्याच्या घरच्यांना विचारूनच ठरवावें. कांहीं मुलांना एकदां नीट सांगून टाकलेलें बरें वाटतें, कांहींना मुळींच नको असतें. माधवनें आपल्या दोन मित्रांना स्वतःच सांगितलें, आणि त्यांतून जेवढें पसरावयाचें तेवढें पसरलें.

ही व्यवस्था एकदां कोसळली. फेब्रुवारींतील चांचणीच्या वेळीं ग्रंथालयांतील नेहमींचे शिक्षक आजारी पडले आणि त्यांच्या जागीं दुसरे पर्यवेक्षक आले. त्यांना कांहीं ठाऊक नव्हतें. तिसऱ्या आवाजाला त्यांनीं माधवला उभें केलें, पांचव्याला बाहेर काढलें, आणि त्याचा पेपर अर्धा कोरा राहिला. दोष त्या शिक्षकांचा नव्हता. चार महिन्यांपूर्वीं आम्हीं तेंच केलें होतें. दोष आमचा, कीं जें आम्हीं शिकलों तें आमच्या खिशांतच ठेवलें. त्या संध्याकाळीं आम्हीं एक पोस्टकार्डाएवढी चिठ्ठी लिहून मुख्याध्यापकांच्या हातीं दिली; शिक्षक, कवाईतीचे सर आणि शिपाई यांना ती खाजगींत दाखविण्यांत आली. त्यांत पांच ओळी होत्या: हालचाल व आवाज अनैच्छिक आहेत. त्यांवर बोलूं नये, थांबूं नये, पाहूं नये. पट्टी उचलून गेल्यास अडवूं नये. नवी हालचाल दिसल्यास वर्गशिक्षकांना कळवावें. बाकी सर्व बाबतींत इतरांसारखें वागवावें.

शेवटच्या दोन ओळी अनुभवानें घातल्या होत्या. हा विकार एके ठिकाणीं बसत नाहीं. कांहीं आठवडे वाढतो, कांहीं आठवडे ओसरतो, आणि एक हालचाल जाऊन दुसरी येते. ओसरलेला पाहून 'आमच्या उपायानें बरा झाला' म्हणूं नये, आणि वाढलेला पाहून मुलाला जाब विचारूं नये. जानेवारींत माधव शेजाऱ्याच्या खांद्याला बोट लावूं लागला होता. ही खोडी कीं टिक? तीच हालचाल पुन्हां पुन्हां त्याच ठशाची आहे काय, कोणी पाहत नसतांनाही होते काय, आणि केल्यावर मूल इतरांच्या चेहऱ्याकडे बघतें कीं स्वतःच संकोचतें, एवढें पाहिलें कीं बहुधा उलगडा होतो. माधव संकोचत असे. मात्र गृहपाठ न आणल्याबद्दल त्याला इतरांइतकेंच ऐकावें लागे. टिकच्या नांवाखालीं सर्व माफ केलें तर तोही एक वेगळेपणाच.

दोन गोष्टी मात्र दिसल्यास गप्प बसूं नये; वर्गांत नव्हे, पण घरच्यांना त्याच दिवशीं कळवावें. मान इतकी जोरानें उडत असेल कीं दुखते, किंवा मूल स्वतःला इजा करून घेत असेल, तर एक. आणि मूल मध्येंच कांहीं सेकंद शून्य नजरेनें पाहत राहतें, नांव घेतलें तरी ओ देत नाहीं, आणि पापण्या फडफडतात, तर दुसरी. टिक असलेलें मूल टिक चालूं असतांही आपलें बोलणें ऐकत असतें. हें दुसरें फेफऱ्याचा एक प्रकार असूं शकतें आणि त्याचा उपचार निराळा आहे. खुद्द टिकवरही उपचार आहेत. बेचैनी आली कीं त्या हालचालीला विरोधी अशी दुसरी सौम्य हालचाल करण्याचा अभ्यास तज्ज्ञ करवून घेतात. आवश्यक तेथें औषधेंही देतात. पण तें काम तज्ज्ञांचें. शिक्षकानें वर्गांत "अरे, तुझा व्यायाम कर" अशी आठवण देणें म्हणजे पुन्हां एकदां छप्पन्न माना वळविणें.

पुढें २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमानें मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्यास मनाई केली. फार चांगलें झालें. पण वर सांगितलेलें आमचें दयेचें भाषण कोणत्याही कलमांत बसलें नसतें. तें कायद्यानें थांबविण्यासारखें नाहीं. तें ज्याचें त्यानेंच थांबवावें लागतें.

माधव दहावीपर्यंत आमच्याकडे होता. आवाज नववींत मंदावला. तें वयाचें काम, आमचें नव्हे. आमचें काम एवढेंच कीं तो मंदावेपर्यंतच्या काळांत त्याचें शिक्षण बुडूं नये. संस्कृतांत त्याला चांगले गुण मिळाले.

गेल्या वैशाखांत एका लग्नांत तो भेटला. आतां तिशी ओलांडलेला, एका कारखान्यांत अभियंता. जेवणाच्या पंगतींत आमच्या शेजारीं बसला आणि आम्ही पावसाविषयीं कांहीं सांगत होतों. मध्येंच तो ओळखीचा आवाज आला, एकदां, पूर्वींसारखाच आंखूड आणि कोरडा. आमचें वाक्य थांबलें नाहीं. तें पुरें झाल्यावर त्यानें आमच्या पानांत जिलबी वाढावयास सांगितली, आणि म्हणाला, "सर, तुमची संवय अजून गेली नाहीं."